गेटातून किंवा पार्किंगमधून गाडी रिव्हर्स काढताना थांबायचं कुणी? टप्प्याटप्प्यानं सविस्तर

कोल्हापुरात ड्रायव्हिंग शिकवताना एक गोष्ट सारखी दिसते. लायसन्स हातात पडून पाच-दहा वर्षं झालेली माणसं घाटात गाडी चांगली चालवतात, महाद्वार रोडच्या गर्दीतूनही सहीसलामत निघतात. पण स्वतःच्या घराच्या गेटातून गाडी मागं काढताना हमखास चुकतात. गिअर टाकला, हॉर्न दाबून धरला, घरातल्या कुणीतरी "येऊ दे, येऊ दे" म्हटलं, की गाडी थेट गल्लीच्या मधोमध. रस्त्यावरच्यानं ब्रेक मारला तर वाचलो, नाही मारला तर "दिसत नाही काय भावा, गाडी काढतोय की!"

या लेखात मुख्यतः एकच प्रसंग घेतलाय. कंपाउंडमध्ये तोंड आत करून उभी असलेली कार वाहत्या गल्लीत मागं काढणं. पार्किंगचं नंतर थोडक्यात येईल, कारण तत्त्व तेच आहे.

## आधी नियम

रिव्हर्समध्ये असलेल्या गाडीनं सगळ्यांसाठी थांबायचं. कारसाठी, सायकलसाठी, हातगाडीसाठी, चालत जाणाऱ्या आजीसाठी. रस्त्यावरून सरळ जाणाऱ्याचा हक्क पहिला. गेटातून, मोकळ्या जागेतून किंवा पार्किंगमधून रस्त्यावर येणाऱ्यानं वाट बघायची. वाहन चालवण्याबाबत केंद्रानं 2017 मध्ये केलेल्या विनियमांप्रमाणे, मागं जाण्यानं कुणाला धोका किंवा अडचण होणार नाही याची खात्री करूनच गाडी मागं घ्यायची असते. ही खात्री करण्याचं काम चालकाचं. रस्त्यावरच्यानं तुमच्यासाठी जागा करून द्यावी, असं त्यात कुठंही नाही.

हे विनियम मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 177अ प्रमाणे 500 ते 1000 रुपये दंड आहे. कुणाला लागलं तर मामला दंडावर थांबत नाही, त्याबद्दल शेवटी लिहितो.

हॉर्न दिल्यानं, चारही इंडिकेटर लावल्यानं, किंवा "माझी शेपूट आधी बाहेर आलीय" म्हटल्यानं हा क्रम बदलत नाही.

इथं चूक होते: "तो मागून आला, त्यानं बघायला पाहिजे होतं" हा रस्त्यावर एकामागोमाग चालणाऱ्या गाड्यांचा हिशोब आहे. तुम्ही आडवे निघताय, तेव्हा तो लागू होत नाही.

## एकदाच करायची तयारी

ही तयारी एखाद्या रविवारी सकाळी करून टाका. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि गाडी बदलली किंवा घर बदललं तरच पुन्हा करावं लागतं.

1. गाडीमागचा न दिसणारा पट्टा मोजा. क्रिकेटचा एक स्टंप घ्या. त्याची उंची 28 इंच, म्हणजे साधारण 71 सेंटीमीटर. नुकतं चालायला लागलेलं मूल जवळजवळ तेवढंच असतं. तुम्ही नेहमीसारखे सीटवर बसा आणि घरातल्या कुणाला तरी स्टंप उभा धरून गाडीच्या मागच्या बंपरपाशी उभं करा. मग त्यानं स्टंप धरून हळूहळू मागं सरकत जायचं. मागच्या काचेतून स्टंपचं टोक दिसलं की थांबवा, आणि बंपरपासून तिथपर्यंतचं अंतर पावलांनी मोजा. तेवढ्या अंतरात बसलेलं मूल सीटवरून मान वळवून दिसणार नाही, आरशातही दिसणार नाही. प्रत्येक गाडीत हा पट्टा वेगळा असतो. मागची काच जितकी उंच आणि लहान, तितका तो लांब. हा आकडा दुसऱ्याकडून विचारून उपयोग नाही.

2. दोन्ही बाजूंना खूण ठरवा. मागं निघून, गाडी वळवून, पहिला गिअर टाकून पुढं चालू लागेपर्यंत सरावलेल्या माणसालाही सात-आठ सेकंद लागतात. ताशी 30 किलोमीटरनं येणारी दुचाकी सेकंदाला 8 मीटरहून थोडं जास्त कापते. म्हणजे आठ सेकंदांत जवळपास 67 मीटर. गेटापासून दोन्हीकडं सुमारे 90 पावलं चालत जा आणि तिथं काय आहे ते लक्षात ठेवा, मग तो विजेचा खांब असो, मेडिकल असो की कुणाचं हिरवं गेट. त्या खुणेच्या अलीकडं चालतं वाहन असेल तर निघायचं नाही. पुढं दर सकाळी अंतराचा अंदाज बांधत बसावं लागत नाही.

खुणेपर्यंत दिसतच नसेल, म्हणजे मध्ये वळण असेल किंवा शेजाऱ्याचा टेम्पो कायम उभा असेल, तर ते गेट एकट्यानं रिव्हर्समध्ये बाहेर पडण्याचं नाही. मदतीला माणूस घ्या किंवा खाली सांगितल्याप्रमाणे गाडी उलटी लावा.

3. गेटाची कड मोकळी करा. खांबाला लागून वाढलेली जास्वंद, भिंतीवर ठेवलेल्या कुंड्या, कोपऱ्यात उभी स्कूटर. यातलं जे कारच्या काचेच्या उंचीला येतं ते हलवा. एक फूट मोकळं झालं तरी गल्ली बरीच आधी दिसू लागते.

4. गेटाचा चढ-उतार बघा. रस्त्यावर दरवेळी नवा थर पडून जुन्या घरांचं अंगण खाली गेलंय, हे आपल्याकडं पुष्कळ ठिकाणी दिसतं. अशा गेटातून मागं निघताना गाडी चढ चढते. माणूस रेस वाढवतो आणि चढ संपताच गाडी रस्त्यात उडी मारते. नेमकं जिथं वेग शून्य पाहिजे तिथंच तो सगळ्यात जास्त होतो. यावर उपाय एकच. हँडब्रेक ओढून अर्ध्या क्लचवर गाडी धरायची, हँडब्रेक हळू सोडायचा, आणि चढ संपायच्या आत उजवा पाय ब्रेकवर आणायचा. रिकाम्या गल्लीत याची सवय करून घ्या.

## टप्पा 1: गाडीत बसण्याआधी

मागच्या बाजूनं फेरी मारूनच दारापाशी या. समोरून आलात तरी वळसा घाला. बघायचं एवढंच: चाकाजवळ किंवा बंपरमागं मूल, कुत्रं, खेळणं, दुधाची बरणी काही आहे का, आणि घरातलं लहान मूल यावेळी नेमकं कुणाजवळ आहे. "आत असेल" हे उत्तर चालत नाही. कुणाच्या तरी हातात आहे किंवा डोळ्यांसमोर आहे, असं उत्तर पाहिजे. बाबा निघाले की टाटा करायला धावत येणारं पोर घराच्या दारातून थेट गाडीच्या मागच्या पट्ट्यात येतं.

गेट पूर्ण उघडा आणि कडी लावा. वाऱ्यानं अर्धवट मिटलेलं गेट चुकवायच्या नादात माणूस रस्ता बघायचं विसरतो. मग गेटाबाहेर एक पाऊल टाकून दोन्हीकडं बघा. शाळेची रिक्षा किंवा कचऱ्याची घंटागाडी टोकाशी दिसली, तर ती जाऊ द्या आणि मगच गाडीत बसा.

कॅमेऱ्याची काच बोटानं पुसा. जून ते सप्टेंबर हे रोजचं काम आहे. चिखलाचा एक थेंब काचेवर असला की आख्खी स्कूटर त्यामागं लपते.

तपासा: फेरी मारल्यावर फोन आला आणि दोन मिनिटं बोलत बसलात, तर फेरी पुन्हा मारा. दोन मिनिटांपूर्वी मोकळी असलेली जागा आता मोकळी असेलच असं नाही.

## टप्पा 2: बसल्यावर, गिअर टाकण्याआधी

गाणी बंद. दोन्ही पुढच्या काचा खाली, पाऊस असला तरी चार बोटं तरी खाली. इलेक्ट्रिक स्कूटर वाढल्यापासून नुसत्या आवाजावर भागत नाही, पण पोरांचा आवाज, सायकलची घंटी आणि "ओ, थांबा!" ही हाक काच बंद असताना ऐकू येत नाही.

मागच्या सीटवर बसलेल्यांना थोडं खाली किंवा कडेला सरकायला सांगा. शेल्फवरची उशी आणि पिशवी काढा. डाव्या बाजूला बसलेल्या माणसाला सीटला टेकून बसायला सांगा. हे मुद्दाम का सांगतोय ते चौथ्या टप्प्यात कळेल.

## टप्पा 3: गेटाच्या रेषेपर्यंत, आणि तिथं पूर्ण थांबा

रिव्हर्स गिअर टाकला की लगेच सुटायचं नाही. ब्रेक दाबून ठेवून मागचा पांढरा दिवा दोन सेकंद तसाच जळू द्या. गल्लीत चालणाऱ्याला तुमचा बेत त्यावरूनच समजतो. मग माणूस रमतगमत चालेल त्या वेगानं, क्लच आणि ब्रेकवर, मागचा बंपर गेटाच्या रेषेत येईपर्यंत या. तिथं थांबायचं म्हणजे चाकं पूर्ण थांबली पाहिजेत.

बहुतेक जण हा थांबा गाळतात. ते आतून एका दमात सुटतात, त्यामुळं बाहेर चालणाऱ्याला भिंतीआडून अचानक बंपर दिसतो. बंपर रेषेवर थांबला, की बाहेरच्याला गाडी दिसते आणि तुम्हाला कॅमेऱ्यात गल्लीचा थोडा भाग दिसतो.

इथं हॉर्न एकदाच, आखूड. त्याचा अर्थ "मी इथं आहे" एवढाच. जवळ दवाखाना किंवा शाळा असेल तर शांतता क्षेत्रात तोही नको. थांबून वाट बघणं कुठंही चालतं.

## टप्पा 4: शेपूट बाहेर काढणं

इथं घाई करू नका. धडकेचा मोठा धोका या दोन मीटरांतच असतो.

छोट्या कारमध्ये चालकाचे डोळे मागच्या बंपरपासून साधारण दोन मीटर पुढं असतात. डिकीवाल्या सेडानमध्ये आणखी पुढं. म्हणजे तुमचे डोळे गेटाच्या भिंतीच्या रेषेत येऊन गल्ली सरळ दिसू लागेपर्यंत गाडीची दोन मीटर शेपूट रस्त्यात गेलेली असते. सहा मीटर रुंदीच्या गल्लीचा तो एक तृतीयांश भाग झाला. समोर तोंड करून निघालात तरी नाक आधी बाहेर जातंच, पण तेव्हा समोर मोठी काच असते आणि दोन्हीकडं मान वळली की रस्ता दिसतो. मागं जाताना मध्ये खांब, सीटचे डोक्याचे आधार आणि माणसांची डोकी येतात.

आरसे इथं दगा देतात. ते मागचं दाखवतात, आणि गल्लीतलं वाहन येतं डावी-उजवीकडून. गाडी रस्त्याला काटकोनात असताना बाजूच्या आरशात बहुतांशी कंपाउंडची भिंत आणि समोरच्याचं घर दिसतं. आरसा रिकामा दिसला याचा अर्थ रस्ता रिकामा आहे असा नाही.

आता डाव्या बाजूचं. आपण डावीकडून चालतो आणि आपलं स्टिअरिंग उजवीकडं असतं. तोंड घराकडं करून उभी असलेली कार मागं निघते, तेव्हा गेटाला लागून असलेल्या रस्त्याच्या अर्ध्या भागात वाहनं येतात ती चालकाच्या डाव्या हाताकडून. एकदा कागदावर काढून बघा, पटेल. म्हणजे पहिली धडक ज्या बाजूनं बसू शकते, तीच बाजू तुमच्यापासून लांब असते आणि शेजारी बसलेल्याच्या डोक्यामागं जाते. मी मात्र बघतो, लोक मागं निघताना उजव्या खिडकीतून डोकं बाहेर काढून फक्त उजवीकडं बघत राहतात. सोयीचं असतं म्हणून.

म्हणून क्रम असा ठेवा:

1. डावीकडं मान पूर्ण वळवून बघा. मग कॅमेरा, मग उजवीकडं, आणि पुन्हा डावीकडं. शेवटची नजर डावीकडं.
2. अर्धा मीटर मागं. थांबा.
3. तोच क्रम पुन्हा.
4. आणखी अर्धा मीटर. थांबा. तुमचे डोळे खांबाच्या रेषेत येईपर्यंत असंच.
5. रेषेत आल्यावर दोन्हीकडच्या ठरवलेल्या खुणा बघा. त्यांच्या अलीकडं चालतं वाहन असेल तर तिथंच थांबून ते जाऊ द्या.

कॅमेऱ्याची काच रुंद कोनाची असते, त्यामुळं बाजूनं येणारी स्कूटर त्यात आहे त्यापेक्षा लांब दिसते. कॅमेरा "काही आहे का" एवढं सांगायला चांगला, "किती लांब आहे" हे सांगायला नाही. 1 जुलै 2019 पासून नव्या कारना मागचे सेन्सर सक्तीचे आहेत, पण त्यांचा पल्ला दीड-दोन मीटरचा. उभ्या भिंतीसाठी तो पुरतो. सेकंदाला आठ मीटर येणाऱ्या दुचाकीसाठी त्याचा बीप वाजेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं.

इशारा: रस्त्यावरच्यानं थांबून हातानं "जा" म्हटलं, तर तो फक्त स्वतःपुरतं बोलतोय. केएमटी बसचा ड्रायव्हर थांबतो, तुम्ही खूश होऊन मागं निघता, आणि बसच्या कडेनं एक मोपेड सुटते. ती बसमुळं तुम्हाला दिसत नाही आणि तुम्ही तिला दिसत नाही. थांबलेल्या वाहनाच्या कडेची फट दिसेपर्यंत पुढची इंचभर चाल नको.

चारही इंडिकेटर लावायची सवय मोडा असं मी सांगतो. ते लावले की तुम्ही कुठं वळणार हे कुणालाच कळत नाही. पांढरा दिवा पुरेसा आहे.

## टप्पा 5: वळवणं

सरळ मागं येत असताना स्टिअरिंग लवकर फिरवलं, की पुढचा कोपरा गेटाच्या खांबाला घासतो. स्टिअरिंग डावीकडं फिरवलंत तर शेपूट डावीकडं जाते आणि पुढचा उजवा कोपरा उजव्या खांबाकडं झेपावतो. त्यामुळं पुढचं दार खांबाच्या बाहेर येईपर्यंत सरळच या. नंतर फिरवा आणि एक नजर उजव्या पुढच्या कोपऱ्यावर ठेवा. पण आधी रस्ता, मग बंपर. खरचटलेला बंपर रंगवता येतो.

आता कुठल्या दिशेला काढायची? शेपूट डावीकडं वळवली की गाडी गेटाला लागूनच, रस्त्याच्या योग्य बाजूला, चालायच्या दिशेनं तोंड करून उभी राहते. रस्त्याचा पलीकडचा अर्धा भाग बराचसा मोकळा राहतो. उलट दिशेला जायचं असेल, तर आख्खा रस्ता आडवा ओलांडून पलीकडच्या बाजूला शेपूट न्यावी लागते, आणि तेवढा वेळ दोन्हीकडची वाहतूक तुमच्यावर येते. त्यापेक्षा सोप्या बाजूला निघा आणि पुढच्या चौकातून वळून या. पेट्रोल थोडं जास्त जाईल.

तपासा: रिव्हर्समध्ये रस्त्यावर जितकं जाणं अगदी गरजेचं आहे तितकंच. गाडी सरळ झाली की थांबा. "कोपऱ्यापर्यंत असंच मागं घेतो" हे नको.

## टप्पा 6: पुढं निघणं

पूर्ण थांबा, पहिला गिअर, पांढरा दिवा बंद झाला. इथं बरेच जण मोकळा श्वास घेऊन लगेच सुटतात. पण आता तुम्ही कडेनं रस्त्यात शिरणारी गाडी आहात, म्हणजे अजूनही हक्क मागून येणाऱ्याचाच. उजवा आरसा, उजव्या खांद्यावरून एक नजर, मग निघा. गेट लावायला उतरायचं असेल तर गाडी कडेला घेऊन हँडब्रेक लावून उतरा, रस्त्याच्या मधोमध दार उघडं टाकून नव्हे.

## मागं उभा केलेला माणूस

मदतीला माणूस घेणं चांगलं, पण त्यानं "येऊ दे" म्हटलं म्हणून जबाबदारी त्याच्याकडं जात नाही. स्टिअरिंग तुमच्या हातात आहे. आणि घरची माणसं बहुतेक वेळा चुकीच्या जागी उभी राहतात, गाडीच्या अगदी मागं आणि बंपरकडं बघत.

त्यांना बाहेर पाठवायचं ते रस्ता बघायला. उभं राहायचं गेटाच्या खांबाबाहेर, रस्त्याच्या कडेला, तुमच्या डाव्या बाजूला, जिथून ते तुम्हाला आरशात किंवा खिडकीतून दिसतील. गाडीच्या वाटेत नाही. ते दिसेनासे झाले की गाडी थांबली पाहिजे, कारण ते कुठं आहेत हे तुम्हाला माहीत नाही.

बोलायचं ठरवून घ्या. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... थांब!" यातला "थांब" नेहमी उशिरा येतो, आणि गोंगाटात "येऊ दे" आणि "राहू दे" यांतला फरकही कळत नाही. उलट सवय लावा. हात वर म्हणजे थांब. हात खाली असला तरच चाल. शंका आली की हात वर. अप्पांना किंवा सासूबाईंना "तुम्ही ट्रॅफिक थांबवा" असं सांगू नका. वाहनं थांबवणं त्यांचं काम नाही आणि कुणी थांबेलच असंही नाही. फक्त रिकामं आहे की नाही तेवढं सांगायचं. लहान मुलाला या कामाला कधीच उभं करू नका.

## एक उदाहरण पायरीपायरीनं

राजारामपुरीतली एखादी गल्ली धरा. रुंदी सहा मीटर, समोरच्या कडेला दुचाक्यांची रांग, म्हणजे चालायला चार-साडेचार मीटर. सकाळी नऊ. चार मीटरची हॅचबॅक, तोंड घराकडं.

बंपर रेषेवर थांबला. डावीकडं बघितलं, शेजारच्या गेटापुढं उभ्या व्हॅनमुळं पंधरा-वीस मीटरच दिसतं. उजवीकडं मोकळं. चालक विचार करतो, "जरा बाहेर काढतो, मग दिसेल." तो एका दमात दोन मीटर येतो, रमतगमतच्या वेगानंसुद्धा याला अडीच सेकंद लागतात. या अडीच सेकंदांत ताशी 30 नं येणारी दुचाकी 20 मीटर पुढं येते. म्हणजे तो सुटला तेव्हा ती व्हॅनच्या आड होती, आणि त्याला ती दिसली तेव्हा शेपटीपाशी होती. समोर दुचाक्यांची रांग असल्यानं वळसा घालायलाही तिला दोन-अडीच मीटरच उरतात, आणि त्या वाटेनं समोरून कुणी येत असेल तर तेही नाहीत.

हेच अर्ध्या अर्ध्या मीटरनं केलं तर पहिल्या थांब्याला दुचाकीवाल्याला व्हॅनच्या कडेनं बंपरचा कोपरा आणि पांढरा दिवा दिसतो. अर्ध्या मीटरला चुकवायला रस्ता भरपूर उरतो. तो बाजूनं निघून जातो, तुम्ही थांबलेलेच असता. या गेटाला खरं उत्तर मात्र वेगळं आहे. व्हॅन रोज तिथंच असेल तर डाव्या खांबाबाहेर एक माणूस पाहिजे, नाहीतर गाडी उलटी लावली पाहिजे.

धडक झालीच तर चूक कुणाची? एका दमात निघालेल्याची, जवळपास नेहमीच. दुचाकी विरुद्ध दिशेनं येत होती किंवा फार वेगात होती असं सिद्ध झालं, तर अपघात दावा न्यायाधिकरण चूक दोघांत वाटू शकतं. तुमची पूर्ण पुसली जाईल असं धरू नका. गाडी बराच वेळ शेपूट बाहेर काढून उभी होती, स्पष्ट दिसत होती आणि कुणी येऊन आदळलं, तर गोष्ट वेगळी. सरळ जाणाऱ्याचा हक्क पहिला असला, तरी समोर दिसणाऱ्या गाडीवर जाऊन आदळायचा हक्क त्याला नाही.

## उलटी लावणं

घरी येतानाच गाडी रिव्हर्समध्ये आत घ्या, सकाळी तोंड रस्त्याकडं. येताना तुम्ही गेटापुढून जाता, आत काय आहे ते डोळ्यांनी बघता, आणि मागं जाता ते वाहतूक नसलेल्या जागेत. त्यासाठी रस्त्यावर क्षणभर थांबावं लागतं. इंडिकेटर द्या, मागच्याला जाऊ द्या, मग घ्या. थांबायचा नियम तेव्हाही तुम्हालाच लागू आहे.

एक धोका मात्र वाढतो. आता तुम्ही अंगणात मागं येताय, जिथं घरातली पोरं आणि झोपलेलं मांजर असतं. गेट उघडायला उतराल तेव्हा अंगण बघून घ्या आणि पोरांना गाडी पूर्ण बंद होईपर्यंत घरात थांबवा.

## पार्किंगमधून काढताना

बिंदू चौकासारखं सार्वजनिक पार्किंग असो की दुकानापुढची तिरकी जागा, लोकांना जिथं जाता येतं ती जागा कायद्याच्या दृष्टीनं सार्वजनिकच. "पार्किंगमध्ये कसले नियम" हे खरं नाही. मधल्या वाटेनं जाणाऱ्याचा हक्क पहिला, जागेतून निघणाऱ्यानं थांबायचं. आणि पार्किंगच्या मधल्या वाटेला दिशा नसल्यासारखीच माणसं चालतात, त्यामुळं दोन्ही बाजू बघायच्याच.

समोरासमोरच्या दोन गाड्या एकाच वेळी मागं निघाल्या तर कुणाचाच हक्क पहिला नसतो, दोघांनाही मागं बघायचं कर्तव्य असतं. ज्याची गाडी जास्त बाहेर आलीय त्याला जाऊ द्यावं, दुसऱ्यानं ब्रेक धरावा. दोघंही थांबले आणि दोघंही पुन्हा एकदम निघाले, असा घोळ होतो. तेव्हा एकानं गाडी परत आत घ्यावी.

दोन्हीकडं उंच गाड्या उभ्या असतील तर अर्ध्या मीटरच्या थांब्यांशिवाय पर्याय नाही. इथं चालणारी माणसं जास्त, त्यांच्या हातात पिशव्या, आणि त्यांची नजर स्वतःची गाडी शोधण्यात. पावती देणाऱ्या पोरानं हात केला, तरी तो हात तुम्ही लवकर जागा मोकळी करावी म्हणूनही असू शकतो.

## कुणाला लागलंच तर

गाडी तिथंच थांबवा. पुन्हा पुढं-मागं करू नका, कुणी चाकाखाली असेल तर त्यानं जास्त इजा होते. उतरून आधी खाली बघा. जखमीला दवाखान्यात नेणं आणि 24 तासांच्या आत पोलिसांना कळवणं हे कलम 134 प्रमाणे चालकाचं काम आहे. "किरकोळ आहे, मिटवू" म्हणून सोडू नका. डोक्याला मार लागलेला माणूस सुरुवातीला नीट बोलतो, संध्याकाळी बिघडतो. जखमीची सोय होताच गाडी हलवण्याआधी फोटो काढा. त्यांत गेट, चाकं आणि आजूबाजूला उभी वाहनं दिसू द्या. विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवा.

निष्काळजीपणानं दुखापत झाली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 125 लागू शकतं, मृत्यू झाला तर कलम 106, आणि त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. घटना गेटाबाहेर नव्हे तर स्वतःच्या अंगणात घडली म्हणून ही दोन कलमं सुटत नाहीत.